जीपीएसडीओ रोज लॉक सोडतो? आधी घड्याळ पाहा, मग सोल्डरिंग आयर्न

लक्षणं

जीपीएसडीओ म्हणजे जीपीएसच्या वेळेच्या आधाराने अचूक ठेवलेला 10 मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर. तो त्या वेळेशी जुळलेला असला की लॉक आहे म्हणायचं. पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

लॉकचा दिवा दिवसभर नीट लागलेला असतो आणि दिवसातून एकदा, साधारण ठरावीक वेळी, पंधरा-वीस मिनिटांसाठी जातो. तेवढ्या वेळात 10 मेगाहर्ट्झचं आउटपुट सरकतं. क्यूओ-100 हा हौशी रेडिओचा उपग्रह ऐकणाऱ्यांना ते लगेच कळतं, कारण त्याच्या बीकनचा, म्हणजे सतत चालणाऱ्या खुणेच्या सिग्नलचा, सूर वीस-तीस हर्ट्झने हलतो. पुन्हा लॉक आलं की थोडा वेळ फ्रीक्वेन्सी उलट्या बाजूला जाते आणि मग जागेवर बसते. बॉक्स उघडून पाहिला तर सगळं ठीक दिसतं, आणि दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर तो कधीच बिघडत नाही.

इंदुरात माझ्याकडे येणाऱ्या घरगुती आणि जुन्या सुट्या भागांतून जोडलेल्या जीपीएसडीओंची ही नेहमीची तक्रार आहे. बहुतेक जण ऑसिलेटर बदलायचा विचार करूनच येतात. तशी वेळ क्वचितच येते.

आत काय चालतं, थोडक्यात

जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाला एक पल्स देतो, तिला पीपीएस म्हणायचं. ही पल्स दीर्घकाळात अचूक असते, पण प्रत्येक सुटी पल्स वीस-तीस नॅनोसेकंद मागेपुढे होते. आपल्या ओसीएक्सओचं, म्हणजे भट्टीत ठेवलेल्या क्रिस्टलचं, बरोबर उलट असतं. सेकंद-दोन सेकंदांत तो अतिशय स्थिर असतो, पण दिवसांच्या हिशेबात हळूहळू सरकतो. कंट्रोलर दोघांची तुलना करतो आणि डॅकमधून, म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या चिपमधून, ओसीएक्सओच्या ट्यूनिंग पिनला व्होल्टेज देऊन त्याला रांगेत ठेवतो. तुलना आणि दुरुस्तीचं हे चक्र म्हणजे लूप. पीपीएस गेली की डॅक जिथे आहे तिथे गोठवायचा आणि क्रिस्टलच्या भरवशावर चालायचं, हा होल्डओव्हर.

म्हणजे लॉक जाणं हा स्वतः मोठा दोष नाही. बरा ओसीएक्सओ वीस मिनिटं एकटा सोडला तर कुणाला कळायलाही नको. दहा अब्जांत एक भाग इतकी चूक धरली तरी वीस मिनिटांत वेळेत 0.12 मायक्रोसेकंदाचा फरक पडतो आणि क्यूओ-100 च्या 10.49 गिगाहर्ट्झवर जेमतेम एक हर्ट्झ. तीस हर्ट्झ सरकत असेल तर दोष दोन आहेत: लॉक का जातं हा एक, आणि गेल्यावर होल्डओव्हर का टिकत नाही हा दुसरा. लोक पहिल्याच्या मागे लागतात, पण त्रास दुसऱ्यामुळे होत असतो.

पहिली तपासणी, फुकटची: वेळ लिहून ठेवा

आठवडाभर लॉक कधी गेलं आणि त्या क्षणी डॅकचा आकडा किती होता, एवढंच नोंदवा. बहुतेक कंट्रोलर सिरियल पोर्टवर हे देतात. जुना लॅपटॉप जोडून ठेवला की झालं. मी हे झाल्याशिवाय बॉक्स उघडत नाही.

यामागचं कारण असं. जीपीएसचे उपग्रह आपल्याला त्याच जागी दिसतात ते बरोबर चोवीस तासांनी नाही, तर 23 तास 56 मिनिटांनी. म्हणून अडचण आकाशातली असेल, म्हणजे एखादी भिंत किंवा टाकी ठरावीक उपग्रह झाकत असेल, तर लॉक जाण्याची वेळ रोज चार मिनिटांनी अलीकडे येते, आठवड्यात साधारण अर्धा तास. घड्याळाच्या त्याच ठोक्याला जात असेल तर कारण जमिनीवरचं आहे: कूलर, ऊन, कुणाची मोटर, कुणाचा इन्व्हर्टर. आणि सूर्यास्तानंतर ते मध्यरात्रीपर्यंत कधीही जात असेल, काही दिवस बिलकुल जात नसेल, आणि हे मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात होत असेल, तर आयनोस्फिअर. इंदूर, वडोदरा, भोपाळ हा पट्टा विषुववृत्तीय आयनीभवनाच्या उत्तरेकडच्या उंचवट्याजवळ येतो, त्यामुळे विषुवदिनांच्या सुमाराला रात्री सिग्नल फडफडतात. सूर्यावरचे डाग वाढलेल्या वर्षांत जास्तच. त्याला आपल्या हातात दुरुस्ती नाही, फक्त होल्डओव्हर चांगला ठेवणं आहे.

एक पथ्य: ही चार मिनिटांची खूण फक्त जीपीएसची. ग्लोनास, गॅलिलिओ यांची आवर्तनं वेगळी आहेत. तेव्हा आठवडाभरासाठी रिसीव्हर फक्त जीपीएसवर ठेवा, नाहीतर नोंदी गढूळ होतात.

रामबागेतल्या एका काकांच्या सेटची ही नोंद पाहा. फेब्रुवारीची आहे.

```
10-02  12:00  LOCK  DAC=33610
10-02  18:41  HOLD  DAC=33812
11-02  12:00  LOCK  DAC=33612
11-02  18:37  HOLD  DAC=33806
12-02  12:00  LOCK  DAC=33611
12-02  18:33  HOLD  DAC=33815
```

काकांचं म्हणणं ठाम होतं. "अहो, समोरच्या इमारतीतले दिवे लागले की हे सुटतं. त्या स्वस्त एलईडींचाच आवाज आहे." वेळ तर जुळत होती. पण फेब्रुवारीत सूर्यास्त रोज थोडा उशिरा होतो, म्हणजे दिवेही उशिरा लागणार, आणि लॉक मात्र रोज चार मिनिटं आधी जात होतं. पुढच्या आठवड्यात ते सव्वासहाच्या आत आलं, दिवे लागायच्या आधी. दिवे निर्दोष सुटले.

या नोंदीत आणखी एक गोष्ट आहे, ती मी पुढे घेतो: दुपारी 33610 च्या आसपास असलेला डॅक लॉक जाताना दोनशे पायऱ्या वर आहे. रोज. त्याच दिशेला.

दुसरी तपासणी: अँटेनाची जागा

खर्च शून्य, फक्त गच्चीवर चढावं लागतं.

रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक उपग्रहाची ताकद दिसते. मोकळ्या आकाशात बरेचसे उपग्रह 40 डीबीहर्ट्झच्या वर असायला हवेत. सगळेच तिशीत असतील तर अँटेना, केबल किंवा कनेक्टर. काही चांगले आणि एका बाजूचे गायब असतील तर अडथळा.

आपल्याकडे अडथळा म्हणजे बहुधा पाण्याची टाकी. प्लॅस्टिकची असली म्हणून काय झालं, आतलं पाणी सिग्नल खातं. टाकी हलवता येत नाही, पण अँटेना हलवता येते, आणि ती कुठे न्यायची याचं उत्तर भूगोलात आहे. जीपीएसच्या कक्षांचा कल 55 अंश आहे. इंदूर 22.7 अंश उत्तरेला. त्यामुळे इथून ठीक उत्तरेकडे पाहिलं तर क्षितिजापासून साधारण 45 अंशांपर्यंत उपग्रह येतच नाहीत. तो आकाशाचा तुकडा आधीच रिकामा आहे. अँटेना टाकीच्या दक्षिणेला लावा, म्हणजे टाकी अँटेनाच्या उत्तरेला येईल आणि जे नव्हतंच तेच झाकेल.

काकांची अँटेना टाकीच्या उत्तरेला, कठड्याला चिकटून होती. केबल तिथून खाली सरळ जात होती म्हणून. जिन्याचा पत्रा पण जवळच. संध्याकाळी एका टप्प्यावर दक्षिणेचे उपग्रह टाकीमागे जायचे आणि जे उरायचे त्यांच्यातले काही पत्र्यावरून उसळून येत होते.

उसळून आलेला सिग्नल लांबचा रस्ता घेतो, म्हणून उशिरा पोचतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो. मोजके उपग्रह उरलेले असताना रिसीव्हर जागा आणि वेळ दोन्ही एकत्र सोडवत असतो. जागा नव्वद मीटरने चुकली तर वेळही तीनशे नॅनोसेकंदांच्या घरात चुकू शकते. आणि उपग्रह रोज त्याच जागी येत असल्याने चूकही रोज त्याच दिशेला होते. डॅक रोज वरच का जायचा, ते इथे उलगडतं.

केबल लांब झाली म्हणून घाबरू नका. मीटरमागे पाच नॅनोसेकंदांचा उशीर लागतो खरा, पण तो कायमचा तेवढाच राहतो. फ्रीक्वेन्सीवर त्याचा काहीच परिणाम नाही. फक्त ज्यांना अचूक वेळ हवी त्यांनी तो रिसीव्हरमध्ये भरायचा.

तिसरी तपासणी: कनेक्टर आणि अँटेनाचा वीजपुरवठा

पावसाळ्यानंतर आलेला सेट असेल तर मी इथूनच सुरुवात करतो. अँटेना सुटी करून रिसीव्हरच्या कनेक्टरवर मधली पिन आणि बाहेरचं कवच यांत व्होल्टेज मोजा. 3 ते 5 व्होल्ट यायला हवेत. नसतील तर अँटेनातला अ‍ॅम्प्लिफायर उपाशी आहे. असतील, तर अँटेना जोडून प्रवाह पाहा. साधारण दहा ते तीस मिलिअँपिअर असतो. शून्य म्हणजे केबल तुटली, खूप जास्त म्हणजे कनेक्टरमध्ये पाणी. हिरवट झालेला कनेक्टर घासून परत लावण्यात अर्थ नाही, कापून नवा लावा आणि वरून स्वतःलाच चिकटणारी रबर टेप गुंडाळा. साधी काळी इन्सुलेशन टेप एका मे महिन्यात सुटते.

चौथी तपासणी: पीपीएस खरंच उपग्रहांची आहे का?

हा दोष फार फसवा आहे. काही रिसीव्हर फिक्स गेल्यावरही पल्स देत राहतात, स्वतःच्या आतल्या साध्या क्रिस्टलवरून. कंट्रोलरला वाटतं सगळं ठीक आहे आणि तो तुमच्या चांगल्या ओसीएक्सओला त्या क्रिस्टलच्या मागे ओढत नेतो. लॉकचा दिवाही जात नाही.

तपासायला सोपं आहे. अँटेना काढा आणि पीपीएस पिनवर स्कोप किंवा एलईडी लावून काही मिनिटं पाहा. पल्स थांबली पाहिजे. नाही थांबली तर यू-ब्लॉक्सच्या मॉड्यूलमध्ये ही सेटिंग करा आणि ती सेव्ह करायला विसरू नका:

```
UBX-CFG-TP5
lockedOtherSet    = 1
isLength          = 1
pulseLenRatio     = 0
pulseLenRatioLock = 100000
```

म्हणजे लॉक नसताना पल्सची लांबी शून्य, लॉक असताना 100 मिलिसेकंद. त्याच जागी पल्सची कुठली कड मोजता आहात तेही पाहून घ्या. वर जाणारी कड सेकंदाला बांधलेली असेल आणि कंट्रोलर खाली येणारी मोजत असेल, तर विनाकारण गोंगाट पदरात पडतो.

मॉड्यूल टायमिंगचं असेल, `NEO-M8T` सारखं, तर `TMODE2` मध्ये सर्व्हे-इन करून जागा पक्की करा. दिवसभर चालू दिलं तर उत्तम. जागा माहीत असली की रिसीव्हरला फक्त वेळ सोडवायची उरते आणि एखादाच उपग्रह दिसला तरी काम चालतं. मात्र अँटेना हलवली की सर्व्हे पुन्हा करायचा. जुन्या जागेचा आकडा आत राहिला तर प्रत्येक उपग्रहाशी त्याचं भांडण होतं. साध्या `NEO-6M` मध्ये ही सोय नाही, म्हणूनच त्याच्यासाठी गच्चीवरची जागा जास्त महत्त्वाची.

पाचवी तपासणी: होल्डओव्हर कुठला आकडा गोठवतो

आता त्या दोनशे पायऱ्या. इथे थोडं थांबून वाचा, कारण बहुतेक घरगुती कंट्रोलर याच जागी मार खातात.

काकांच्या सेटमध्ये डॅक 16 बिटांचा आहे आणि त्याची 0 ते 5 व्होल्टची पूर्ण धाव ओसीएक्सओला दहा लाखांत एक भाग हलवते. म्हणजे एक पायरी म्हणजे शंभर अब्जांत दीड भाग. दोनशे पायऱ्या म्हणजे अब्जात तीन भाग, आणि 10.49 गिगाहर्ट्झवर ते होतात साधारण बत्तीस हर्ट्झ. काका बीकनचा जो तीसेक हर्ट्झचा घसरा सांगत होते, तो हाच. ऑसिलेटर हलत नव्हता. त्याला हलवलं जात होतं.

लॉक जाण्याआधीची काही मिनिटं सर्वांत वाईट असतात, उपग्रह कमी आणि उसळलेले सिग्नल जास्त. लूप त्याच खोट्या पल्सांच्या मागे धावतो आणि नेमका तिथे असतानाच कंट्रोलर म्हणतो, गोठवा. लूपचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे चूक किती वेळात भरून काढायची तो काळ, शंभर सेकंद होता. तीनशे नॅनोसेकंदांची चूक शंभर सेकंदांत भरून काढायची म्हणजे फ्रीक्वेन्सी अब्जात तीन भागांनी हलवणं. हिशेब तंतोतंत बसतो.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे.

टाइम कॉन्स्टंट वाढवा. पीपीएसमधला तीस नॅनोसेकंदांचा गोंगाट शंभर सेकंदांवर पसरला तर दहा अब्जांत तीन भाग होतो, हजार सेकंदांवर शंभर अब्जांत तीन. बऱ्या ओसीएक्सओसाठी पाचशे ते हजार सेकंद योग्य आहेत. हजार सेकंदांवर तीच तीनशे नॅनोसेकंदांची चूक बीकन फक्त तीन हर्ट्झने हलवेल. पण भट्टी नसलेला साधा टीसीएक्सओ लावला असेल तर इतका लांब काळ चालणार नाही, तो मधल्या वेळात स्वतःच भटकतो. शंभराच्या आसपासच राहा.

दुसरं, होल्डओव्हरमध्ये शेवटचा आकडा न वापरता गेल्या काही तासांची सरासरी वापरा, आणि शेवटची वीस मिनिटं त्यातून वगळा.

```c
/* avg[]: दर 10 मिनिटांची सरासरी, avg[0] सर्वांत ताजी */
long s = 0;
for (int i = 2; i < 36; i++) s += avg[i];
dac_write(s / 34);
```

ही सहा तासांची खिडकी आहे. दुपारी आणि रात्री डॅकमध्ये मोठा फरक पडत असेल तर सहा तासांची सरासरी मागे पडेल. दोन तासांची घ्या, नाहीतर आधी पुढची तपासणी करून तो फरकच कमी करा.

लॉक परतल्यावरची उलटी उडी कशामुळे? मधल्या वेळात साठलेला फेजचा फरक लूप भरून काढत असतो. फक्त फ्रीक्वेन्सी हवी असेल तर परतल्यावर फेजचा आकडा शून्य करून पुढे चला. वेळ हवी असेल तर असं करू नका, तो फरक हळूहळूच भरू द्या.

सहावी तपासणी: तापमान

घड्याळाच्या त्याच वेळेला डॅक सरकत असेल तर इथे या. मेमध्ये कूलर चालू झाला आणि त्याचा झोत बॉक्सवर पडला की डॅकच्या आलेखात त्या मिनिटाला खाच दिसते. बॉक्स झोतातून काढा, वर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. ओसीएक्सओला थर्माकोलमध्ये घट्ट गुंडाळायचा मोह आवरा. भट्टी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वर ठेवूनच ताबा राखते. बाहेरचंच खूप वर गेलं तर तिच्या हातात काही उरत नाही. इंदूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत हे होतं.

वीज जाऊन आली असेल तर घाई नको. भट्टी मिनिटांत गरम होते, पण क्रिस्टल जुन्या फ्रीक्वेन्सीला यायला बराच वेळ घेतो, कधी दिवस. त्या काळातल्या होल्डओव्हरवर मत बनवू नका. छोटी 12 व्होल्टची बॅटरी हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

सातवी तपासणी: ग्राउंडची तार

आता मात्र आयर्न तापवावी लागेल. भट्टीचा प्रवाह, समजा 0.3 अँपिअर, परत येताना ज्या तारेतून येतो तीच तार डॅकचंही ग्राउंड असेल, आणि तिचा रोध 0.05 ओहम असेल, तर तिच्यावर 15 मिलिव्होल्ट पडतात. ते ट्यूनिंग व्होल्टेजमध्येच मिसळतात. स्थिर राहिले तर लूप सांभाळून घेतो. पण थंड वारा लागला की भट्टी जास्त प्रवाह ओढते, 0.1 अँपिअरचा फरक म्हणजे 5 मिलिव्होल्ट, म्हणजे अब्जात एक भाग, म्हणजे बीकनवर दहा हर्ट्झ. होल्डओव्हरमध्ये हे दुरुस्त करायला कुणी नसतं.

तपासायला मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवा. एक टोक ओसीएक्सओच्या ग्राउंड पिनवर, दुसरं डॅकच्या. थंड सेट चालू करा. गरम होताना आकडा खाली येत गेला तर दोष सापडला. डॅकचं ग्राउंड वेगळ्या तारेने थेट ओसीएक्सओच्या पिनवर न्या. आणि डॅकचा रेफरन्स मायक्रोकंट्रोलरच्या 5 व्होल्टवरून घेतला असेल तर तोही बदला. बऱ्याच ओसीएक्सओंना स्वतःची रेफरन्स पिन असते, ती वापरा.

कधी थांबायचं

डॅक महिनोन्महिने एकाच दिशेने जात असेल तर ते क्रिस्टलचं वय आहे. दिवसाला पाच पायऱ्या जात असतील आणि वीस हजार उरल्या असतील तर निवांत राहा. पण आकडा 0 किंवा 65535 ला टेकला असेल आणि ओसीएक्सओवर बाहेरून फिरवायचा स्क्रू नसेल, तर तो बदलायचाच. त्याचा सीलबंद डबा उघडू नका. पुन्हा तसा बंद होत नाही.

रात्रीच्या वेळी, आकाश मोकळं असताना, सगळ्याच उपग्रहांची ताकद एकदम पडत असेल, शेजाऱ्याच्या मोबाइललाही तेव्हा जागा सापडत नसेल, तर जवळ कुठेतरी जॅमर किंवा बिघडलेलं उपकरण आहे. अँटेना घेऊन गल्लीत शोधत फिरू नका. वेळांची नोंद जोडून वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे तक्रार द्या, हे काम दूरसंचार विभागाच्या त्या शाखेचं आहे.

मास्ट उंच असेल आणि वीजसंरक्षण नसेल, तर ते अर्थिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. सेट एखाद्या प्रयोगशाळेत कॅलिब्रेशनसाठी वापरला जात असेल, तर टाइम कॉन्स्टंट बदलल्यावर जुनं प्रमाणपत्र धरू नका. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तो पुन्हा तपासून घ्या. आणि मोबाइल टॉवर किंवा वीज सबस्टेशनमधला सेट असेल तर यातलं काहीही करू नका, लॉग काढून कंपनीच्या माणसाला द्या.

काकांच्या सेटचं शेवटी असं झालं: अँटेना टाकीच्या दक्षिणेला गेली, टाइम कॉन्स्टंट पाचशे झाला, वरचा सरासरीचा तुकडा कंट्रोलरमध्ये बसला. लॉक जाणं थांबलं. होल्डओव्हर पाहायला आम्ही मुद्दाम अँटेना काढून तासभर ठेवली. बीकन दोन हर्ट्झच्या आत राहिला. ग्राउंडची तार मात्र अजून तशीच आहे, ती मेमध्ये कूलर सुरू झाल्यावर पाहायची ठरली आहे.